हिमोग्लोबिन ठीक, एमसीव्ही जास्त: या आकड्याचा अर्थ काय?

वार्षिक तपासणी असो, कंपनीचे मेडिकल असो की शस्त्रक्रियेपूर्वीची चाचणी, छत्रपती संभाजीनगरातल्या कुठल्याही लॅबचा सीबीसी रिपोर्ट हातात आला की बहुतेकांची नजर आधी हिमोग्लोबिनवर जाते. ते चौदा-साडेचौदा दिसले की रिपोर्ट घडी करून फाइलमध्ये जातो. पण चार ओळी खाली ‘एमसीव्ही’ या नावासमोर कधी कधी १०३, १०६ असा ठळक आकडा असतो. रुग्ण विचारतो, ‘डॉक्टरसाहेब, हे काय?’ उत्तर बहुधा दोनपैकी एक मिळते: ‘काही नाही, रक्त चांगले आहे’ किंवा ‘बी-ट्वेल्व्ह कमी असेल, पाच इंजेक्शने घ्या’. पहिले उत्तर अनेकदा चुकीचे असते. दुसरे अनेकदा बरोबर असते, पण तपासणी न करताच दिलेले असते. या दोन उत्तरांच्या मध्ये जी नीट चालायची वाट आहे, तिचा हा आढावा.

हिमोग्लोबिन का घसरत नाही?

एमसीव्ही म्हणजे एका तांबड्या पेशीचे सरासरी आकारमान. ते फेम्टोलिटर या अतिसूक्ष्म एककात मोजतात आणि प्रौढांमध्ये ते साधारण ८० ते १०० असते. लॅबप्रमाणे ही मर्यादा एक-दोन अंकांनी इकडे-तिकडे होते. आजच्या यंत्रांत पेशी एका बारीक छिद्रातून एकेक करून जाते, त्या क्षणी विद्युत प्रवाहात अडथळा येतो आणि त्या अडथळ्याच्या उंचीवरून पेशीचा आकार कळतो. पेशींची संख्या आणि हा सरासरी आकार यांच्या गुणाकारातून यंत्र हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा, काढते.

हिमोग्लोबिन मात्र पेशी फोडून, सगळे रंगद्रव्य एकत्र करून मोजले जाते. ते किती पेशींतून आले, हे त्या आकड्याला ठाऊक नसते. जाधववाडीच्या बाजारात गाडीचे एकूण वजन तेवढेच भरले, तरी पोती कमी आणि प्रत्येक पोते मोठे असू शकते. इथेही तसेच घडते: पेशी कमी तयार होतात, पण प्रत्येकीत हिमोग्लोबिन जास्त असते आणि बेरीज जुळून येते. म्हणून अशा रिपोर्टमध्ये तांबड्या पेशींची संख्या आवर्जून पाहावी. पुरुषाचे हिमोग्लोबिन १४ असताना पेशींची संख्या ३९ लाखांवर आली असेल, तर अस्थिमज्जेचे उत्पादन मंदावले आहे आणि हिमोग्लोबिनने अजून ते उघड केलेले नाही, असा त्याचा अर्थ निघू शकतो.

पेशी मोठी होण्यामागचे सर्वांत ओळखीचे कारण डीएनए तयार होण्यात आलेला अडसर हे आहे. मज्जेतली पेशी वाढते, मग विभागते, असे काही वेळा घडून तांबडी पेशी तयार होते. बी-१२ किंवा फोलेट कमी पडले की विभागणीसाठी लागणारा डीएनए वेळेवर तयार होत नाही. हिमोग्लोबिन बनवण्याचे काम मात्र चालूच राहते. त्यामुळे पेशी कमी वेळा विभागते आणि मोठी राहूनच रक्तात उतरते. आकार आधी बदलतो, हिमोग्लोबिन नंतर घसरते. या दोन्हींमध्ये कित्येक महिने जाऊ शकतात. ज्या रिपोर्टची गोष्ट आपण करतो आहोत, तो नेमका याच मधल्या काळातला असू शकतो.

आधी आकडा खरा आहे ना?

कारण शोधण्यापूर्वी नमुन्याचा प्रवास तपासावा. मराठवाड्यात हा मुद्दा किरकोळ नाही. सिल्लोड, पैठण, वैजापूर किंवा जालन्याकडच्या शिबिरात सकाळी घेतलेले रक्त कधी कधी दुसऱ्या दिवशी यंत्रावर लागते. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये ठेवलेल्या रक्तातल्या तांबड्या पेशी वेळ जाईल तशा पाणी शोषून फुगतात, आणि एप्रिल-मेच्या उन्हात थंडपेटी नसेल तर अधिक लवकर.

हे ओळखायचे कसे? एक उदाहरण मांडून पाहू. हिमोग्लोबिन १४.२, पेशी ४४ लाख, एमसीव्ही १०३. यावरून हिमॅटोक्रिट ४५.३ येते. हिमोग्लोबिनला हिमॅटोक्रिटने भागून शंभराने गुणले की एमसीएचसी मिळते, म्हणजे पेशीच्या आत हिमोग्लोबिन किती दाट आहे ते. इथे ते ३१.३ येते, नेहमीपेक्षा थोडे विरळ. याच व्यक्तीचे ताजे रक्त दोन तासांत तपासले, तर हिमोग्लोबिन आणि पेशी तेवढ्याच राहतील, पण एमसीव्ही ९६ आणि एमसीएचसी ३३.६ येईल. पेशीत हिमोग्लोबिन वाढले नव्हते, नुसते पाणी वाढले होते. एमसीव्ही जास्त आणि एमसीएचसी कमी अशी जोडी दिसली की औषधाच्या दुकानात जाण्याआधी ताजा नमुना द्यावा. रक्तातली साखर फार वाढलेली असतानाही असाच भास होतो: साखरेने भरलेली पेशी यंत्राच्या द्रावणात गेल्यावर पाणी ओढून फुगते.

याच्या उलट जोडीही असते. एमसीव्ही फार जास्त, पेशींची संख्या अविश्वसनीय इतकी कमी आणि एमसीएचसी ३७ च्या वर, असे दिसले तर थंडीत पेशींना एकमेकींना चिकटवणारी प्रतिपिंडे रक्तात असण्याची शक्यता असते. दोन-तीन चिकटलेल्या पेशी यंत्र एकच मोठी पेशी म्हणून मोजते. ट्यूब ३७ अंशांवर उबदार करून पुन्हा चालवली की आकडे जागेवर येतात. अनुभवी तंत्रज्ञ ही जोडी पाहताच ट्यूब उबवायला ठेवतो.

काचेवरचा थेंब

आकडा खरा ठरला की पुढची पायरी महागड्या चाचणीची नाही, तर काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरून तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची आहे. घाटी रुग्णालयात असो वा गल्लीतल्या लॅबमध्ये, स्मिअरची ही तपासणी स्वस्त आहे आणि तिचे उत्तर नेमके असते.

मोठ्या पेशी अंडाकृती दिसल्या आणि पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिलच्या केंद्रकाचे कप्पे नेहमीच्या तीन-चारांऐवजी पाच-सहा झाले असतील, तर रोख बी-१२ किंवा फोलेटकडे जातो. शंभर न्यूट्रोफिल मोजले आणि त्यांत पाचांहून अधिक पेशींचे केंद्रक पाच कप्प्यांचे निघाले, किंवा एकाचे जरी सहा कप्प्यांचे निघाले, तरी ती खूण अर्थपूर्ण धरतात. पेशी मोठ्या पण गोल असतील आणि कप्पे नेहमीसारखे असतील, तर दारू, यकृताचा आजार किंवा थायरॉइडची कमतरता यांकडे पाहावे. निळसर छटेच्या मोठ्या पेशी पुष्कळ दिसल्या तर त्या नुकत्याच मज्जेतून बाहेर पडलेल्या कोवळ्या पेशी असतात. त्या स्वभावतःच मोठ्या असतात. अशा वेळी रेटिक्युलोसाइट मोजून कुठे रक्तस्राव किंवा पेशींचा नाश चालू आहे का, ते पाहावे लागते.

बी-१२: महाराष्ट्राची जुनी ओळख

मोठ्या पेशींच्या अभ्यासाचा एक मोठा अध्याय महाराष्ट्रातच लिहिला गेला. १९२८ च्या अखेरीस डॉ. ल्युसी विल्स मुंबईला आल्या. परळच्या हाफकिन संस्थेत काम करताना त्यांनी गिरणी कामगार वस्त्यांतील गरोदर बायकांच्या तीव्र रक्तक्षयाचा शोध घेतला. त्या बायकांच्या तांबड्या पेशी मोठ्या होत्या आणि आजार साध्या यीस्टच्या अर्काने बरा होत होता. १९३१ मध्ये हा निष्कर्ष त्यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडला. त्या अर्कातला गुणकारी घटक फोलेट असल्याचे पुढे १९४० च्या दशकात स्पष्ट झाले. गिरणगावातल्या त्या बायकांच्या ताटात भाजी, दूध, फळे यांचा तुटवडा होता.

आज चित्र पालटले आहे. डाळ, पालेभाजी आणि गरोदरपणातल्या लोह-फोलिक आम्लाच्या गोळ्या यांमुळे फोलेटची कमतरता तुलनेने विरळ झाली. बी-१२ ची मात्र सर्वत्र दिसते. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुणे परिसरातल्या गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांतल्या सुमारे दोन-तृतीयांश जणींचे बी-१२ कमी होते, तर पेशीतले फोलेट फक्त एकीचे कमी निघाले. याच गटाने ४४१ मध्यमवयीन पुरुष तपासले. त्यांत ६७ टक्क्यांचे बी-१२ कमी होते, आणि शहरी मध्यमवर्गात हे प्रमाण ८१ टक्के होते.

कारण ताटातच आहे. बी-१२ वनस्पतीत नसते. ते मांस, मासे, अंडी आणि दुधातून मिळते. माळकरी, लिंगायत, जैन, मारवाडी घरांत आणि ‘शनिवार-सोमवार-एकादशी’ पाळणाऱ्या अनेक मराठा-कुणबी घरांत दूध हाच त्याचा मुख्य मार्ग उरतो. रोजची गरज दोन ते अडीच मायक्रोग्रॅमच्या आसपास आहे. शंभर मिलिलिटर दुधात साधारण अर्धा मायक्रोग्रॅम बी-१२ असते आणि उकळताना त्यातलेही थोडे नष्ट होते. चहापुरतेच दूध घरात येत असेल, तर हिशेब पुरा होत नाही. बी-१२ चा यकृतातला साठा काही वर्षे पुरतो. त्यामुळे कमतरता सावकाश येते आणि कळायला उशीर होतो.

आहाराखेरीज दोन औषधे आपल्याकडे फार चालतात. मधुमेहासाठीचे मेटफॉर्मिन अनेक वर्षे घेतल्यास बी-१२ चे शोषण कमी होते. ‘अॅसिडिटीची’ पँटोप्राझोल, ओमेप्राझोलसारखी गोळी वर्षानुवर्षे रोज सकाळी घेतली, तर अन्नातले बी-१२ सुटे करणारे आम्लच कमी पडते. शाकाहार, मेटफॉर्मिन आणि ही गोळी, तिन्ही एकाच माणसात सापडणे शहरात मुळीच दुर्मीळ नाही.

एक उदाहरण, आकड्यांसह

समजा, वाळूज एमआयडीसीतल्या कारखान्यात काम करणारे ५४ वर्षांचे, शाकाहारी गृहस्थ. मधुमेह नऊ वर्षांपासून, मेटफॉर्मिन चालू. दारू नाही. कंपनीच्या तपासणीत हिमोग्लोबिन १४.१, तांबड्या पेशी ३९.३ लाख, एमसीव्ही १०७, एमसीएचसी ३३.५. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट ठीक. पेशींच्या आकारातील तफावत सांगणारा आरडीडब्ल्यू १६.२, म्हणजे वाढलेला.

पहिला प्रश्न: आकडा खरा आहे का? एमसीएचसी ठीक आहे, नमुना ताजा होता, म्हणून हो. दुसरे काम: जुने रिपोर्ट काढणे. चार वर्षांपूर्वी हिमोग्लोबिन १४.४, पेशी ४७.५ लाख, एमसीव्ही ९४. दोन वर्षांपूर्वी एमसीव्ही ९९. हिमोग्लोबिन जवळपास हलले नाही, पण पेशींची संख्या आठ लाखांनी घटली आणि आकार सलग वाढत गेला. ही चढण एका आकड्यापेक्षा कितीतरी जास्त सांगते. स्मिअरवर अंडाकृती मोठ्या पेशी आणि जादा कप्प्यांचे न्यूट्रोफिल. थायरॉइड व यकृताच्या चाचण्या ठीक. बी-१२ पातळी ११२ पिकोग्रॅम, जी २०० च्या खाली म्हणजे कमी.

आता डॉक्टर विचारतात, ‘पायाला मुंग्या येतात का?’ उत्तर: ‘हो, दोन वर्षे. साखरेमुळे येतात म्हणून सांगितले होते.’ मधुमेहाचा नसांवरचा परिणाम आणि बी-१२ ची कमतरता यांची लक्षणे एकमेकांत मिसळतात. ट्यूनिंग फोर्क घोट्याच्या हाडावर ठेवून कंपन कळते का पाहणे, डोळे मिटून उभे राहता येते का पाहणे, हे दोन मिनिटांचे काम इथे करायलाच हवे. अमेरिकेतल्या लिंडेनबॉम यांनी १९८८ मध्ये बी-१२ च्या कमतरतेमुळे मज्जासंस्थेची लक्षणे असलेले १४१ रुग्ण तपासले. त्यांतल्या ४० जणांना ना रक्तक्षय होता ना मोठ्या पेशी. नसांचे नुकसान हिमोग्लोबिन घसरण्याची वाट पाहत नाही.

अशा रुग्णाला नसांची लक्षणे असल्याने डॉक्टर बहुधा एक हजार मायक्रोग्रॅमची इंजेक्शने आधी जवळजवळ, मग दर महिन्याला देतात. लक्षणे नसतील तर रोजची मोठ्या मात्रेची गोळीही अनेकांना चालते. मेटफॉर्मिन मनाने बंद करायचे नसते. उपचार सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात कोवळ्या पेशी वाढतात, पण एमसीव्ही लगेच उतरत नाही, कारण आधीच्या मोठ्या पेशी सुमारे १२० दिवस फिरत राहतात. दोन-तीन महिन्यांनी एमसीव्ही ९४ च्या आसपास आला की निदान पक्के होते. तो हललाच नाही, तर दुसरे कारण शोधायचे. आहार नीट असूनही कमतरता असेल, तर जठरात तयार होणाऱ्या, बी-१२ च्या शोषणाला लागणाऱ्या घटकाविरुद्धच्या प्रतिपिंडांची चाचणी करावी लागते.

दोन चुका, ज्या निदान बिघडवतात

पहिली चूक म्हणजे आधी इंजेक्शन आणि मग चाचणी. ‘ताकदीचे लाल इंजेक्शन’ कुठल्याही दवाखान्यात सहज मिळते. ते घेतल्यावर केलेली बी-१२ पातळी हजाराच्या वर दाखवते आणि मूळ कारण कायमचे झाकले जाते. रक्त आधी द्यावे, सुई नंतर. बी-१२ दोनशे ते तीनशेच्या दरम्यान असेल तर तेवढ्यावर निर्णय होत नाही. तिथे होमोसिस्टीन किंवा मिथिलमॅलोनिक आम्लाची चाचणी मदत करते.

दुसरी चूक म्हणजे फक्त फोलिक आम्लाच्या गोळ्या. फोलेटने मज्जेचा अडसर काही काळ दूर होतो, एमसीव्ही उतरतो, रिपोर्ट सुंदर दिसतो. बी-१२ ची उणीव मात्र तशीच राहते आणि नसांचे नुकसान पुढे चालू राहते. बी-१२ तपासल्याशिवाय मोठ्या मात्रेचे फोलिक आम्ल एकटे घेऊ नये.

बाकीची कारणे

दारू हे दुसरे मोठे कारण. ती मज्जेवर थेट परिणाम करते. त्यामुळे यकृत आणि फोलेट ठीक असतानाही एमसीव्ही वाढतो, पण तो बहुधा ११० च्या पुढे जात नाही. दारू थांबवल्यावर दोन-चार महिन्यांत तो उतरतो. ‘कधीतरी घेतो’ या उत्तरावर न थांबता आठवड्याचा हिशेब विचारावा.

औषधांची यादी समोर ठेवली की अनेक कोडी तिथेच सुटतात. सिकलसेलच्या रुग्णाला दिल्या जाणाऱ्या हायड्रॉक्सियुरियाने एमसीव्ही वाढतो. तो वाढला नाही, तर गोळ्या नियमित घेतल्या जात नाहीत, अशी शंका डॉक्टरांना येते. संधिवातासाठीचे मेथोट्रेक्सेट, अझाथायोप्रिन, फिटवरचे फेनिटॉइन, एचआयव्हीसाठीचे झिडोव्ह्युडिन ही त्याच यादीतली नावे. गरोदरपणात एमसीव्ही थोडा वाढतो. नवजात बाळाचा तर शंभराच्या वर असणेच स्वाभाविक आहे. यांपैकी कुठेही एमसीव्हीवर उपचार करायचा नसतो.

साठीच्या पुढच्या व्यक्तीत सगळे ठीक असूनही एमसीव्ही चढत राहिला आणि जोडीला पांढऱ्या पेशी किंवा प्लेटलेट घटू लागले, तर मज्जेच्या मायलोडिस्प्लेसियाचा विचार होतो. फक्त एमसीव्ही थोडा जास्त आणि बाकी स्वच्छ असेल तर लगेच मज्जेची सुई घालत नाहीत. दर सहा महिन्यांनी सीबीसी पाहतात.

आणि उलट बाजू

एमसीव्ही ‘नॉर्मल’ म्हणजे बी-१२ ठीक, असे मात्र समजू नये. आपल्याकडे लोहाची कमतरता, विशेषतः स्त्रियांत, अतिशय सामान्य आहे आणि काही समाजांत थॅलेसेमियाचा वाहक असणेही. दोन्हींमुळे पेशी लहान होतात. लहान आणि मोठ्या पेशी एकत्र आल्या की सरासरी ८८ वगैरे निघते आणि दोन आजार एकमेकांना झाकतात. वाढलेला आरडीडब्ल्यू तेवढी कुणकुण देतो. लोहाच्या गोळ्यांनंतर हिमोग्लोबिन सुधारले आणि एमसीव्ही मात्र शंभराच्या पुढे गेला, तर गोळ्यांचा दोष नाही. झाकलेली बी-१२ ची उणीव आता दिसू लागली आहे.

म्हणून वाचकांना सांगणे एवढेच: हिमोग्लोबिन चांगले असताना एमसीव्ही १०० च्या वर दिसला, तर घाबरू नये आणि रिपोर्ट फाइलमध्येही टाकू नये. जुने सीबीसी रिपोर्ट आणि चालू औषधांची यादी घेऊन डॉक्टरांकडे जावे, स्मिअर आणि बी-१२ ची मागणी करावी, आणि ते रक्त दिले जाईपर्यंत कुठलीही ‘ताकदीची’ सुई टोचून घेऊ नये. हाता-पायांना मुंग्या, चालताना तोल जाणे किंवा विसरभोळेपणा असेल, तर पुढच्या वार्षिक तपासणीची वाट न पाहता त्याच आठवड्यात दाखवावे. एमसीव्ही ११० च्या वर असेल किंवा पांढऱ्या पेशी वा प्लेटलेटही कमी असतील, तर रक्तविकारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.